'मला वाटतं (की)…' यातला 'की' कधी गळतो? सरप्रायझलचा हिशोब उलटा येतोय

कोरडी_विहीर

भाषाविज्ञानाच्या प्रकल्पासाठी हा विषय घेतला आहे. 'मला वाटतं तो येईल' आणि 'मला वाटतं की तो येईल' ही दोन्ही वाक्यं चालतात, अर्थही तोच. मग बोलणारा 'की' कधी ठेवतो आणि कधी गाळतो?

इंग्रजीतल्या 'दॅट'वर फ्लोरियन येगर यांचं 2010 चं काम आहे. अमेरिकन टेलिफोन संभाषणांच्या स्विचबोर्ड कॉर्पसवर केलेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पुढे उपवाक्य येणार हे ऐकणाऱ्याला जितकं अनपेक्षित, तितका 'दॅट' येण्याचा संभव जास्त, कारण त्यामुळे माहितीचा लोंढा एकाच शब्दावर न कोसळता दोन शब्दांत वाटला जातो. यालाच युनिफॉर्म इन्फर्मेशन डेन्सिटी, म्हणजे यूआयडी म्हणतात.

मी असं केलं: वर्तमानपत्रं, ब्लॉग आणि दोन-तीन संकेतस्थळांवरच्या चर्चांमधून 'वाटणे, म्हणणे, सांगणे, कळणे, जाहीर करणे' या क्रियापदांची वाक्यं काढली. मग एका भाषा-मॉडेलकडून क्रियापदानंतरच्या पहिल्या शब्दाचं सरप्रायझल काढलं, म्हणजे त्या शब्दाच्या संभाव्यतेचा ऋण लॉग. जिथे 'की' गाळलेला आहे तिथे हे सरप्रायझल कमी येतं. सिद्धांताप्रमाणेच! पण मार्गदर्शक म्हणाले, 'यातून काहीच सिद्ध होत नाही.' का ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. शिवाय क्रियापदांच्या मोजणीवरून येगरसारखा आकडा काढला तर निकाल उलटा येतो. कुठे चुकतोय?

तिरफळ

पोस्ट वाचून वाटलं आधार कार्डाचा धागा आहे. यूआयडी म्हटलं की दुसरं काय आठवणार. :)

एक शंका. सरप्रायझल म्हणजे आश्चर्य ना? मग 'बापरे, तो आला!' अशा वाक्यात जास्त असणार आणि सरकारी परिपत्रकात शून्य. भावना अशी मोजता येते का?

मात्रा_वेलांटी

तिरफळ, भावनेचा इथे काही संबंध नाही. आधीचं ऐकून पुढचा शब्द किती अदमासात होता, एवढंच मोजायचं. शक्यता निम्मी असेल तर 1 बिट, चौथा हिस्सा असेल तर 2, बत्तिसावा हिस्सा असेल तर 5. 'बापरे' नंतरचा शब्द अगदी ठरलेला असू शकतो आणि परिपत्रकात 'सबब' नंतर काय येईल याचा भरवसा नसू शकतो.

आता धागाकर्त्याच्या मूळ चुकीकडे. मार्गदर्शक बरोबर आहेत, हिशोब वर्तुळात फिरतोय. मॉडेल कशावर शिकलं? लोकांनी लिहिलेल्या मजकुरावर. लोक 'मला वाटतं' नंतर सर्रास 'की' गाळतात, म्हणून मॉडेलने शिकून ठेवलंय की 'मला वाटतं' नंतर थेट 'तो', 'आपण', 'हे' येतात. साहजिकच तिथे 'तो'चं सरप्रायझल कमी. 'जाहीर केलं' नंतर लोक 'की' ठेवतात, म्हणून तिथे थेट आलेला 'उद्या' मॉडेलला दचकवतो. म्हणजे सरप्रायझल कमी म्हणून 'की' गळतोय, असं यातून निघत नाही. 'की' गळतोय म्हणून सरप्रायझल कमी दिसतंय, असंही तितकंच म्हणता येईल. ज्याचं कारण शोधायचं, तेच मोजमापात घुसलेलं आहे.

येगर यांनी म्हणूनच पुढच्या शब्दाचं सरप्रायझल घेतलं नाही. त्यांनी विचारलं: या क्रियापदानंतर *उपवाक्य* येण्याची शक्यता किती? आणि ती मोजताना 'दॅट'सह आणि 'दॅट'विना, दोन्ही उपवाक्यं एकत्र धरली. म्हणजे 'दॅट' ठेवला की गाळला याने तो आकडा हलत नाही.

```python
import math
def mahiti(ki_saha, ki_vina, ekun):
    return -math.log2((ki_saha + ki_vina) / ekun)
```

बेरजेतली ती दोन पदं हाच सगळा मुद्दा. फक्त `ki_saha` घातलंत की पुन्हा वर्तुळात.

पाटी_पेन्सिल

मला हे जरा वेगळं माहीत आहे. यूआयडी म्हणजे वाक्यातल्या प्रत्येक शब्दाने सारखेच बिट वाहायला हवेत. म्हणजे सोपं आहे: 'की'सह आणि 'की'विना, दोन्ही वाक्यांत प्रत्येक शब्दाचं सरप्रायझल काढा, त्यांचं प्रचरण, म्हणजे ते आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते काढा, ज्याचं कमी ते वाक्य माणूस निवडतो. उपवाक्य वगैरे भानगडीत पडायची गरज नाही.

मात्रा_वेलांटी

पाटी_पेन्सिल, अर्धं बरोबर आहे. प्रचरण हे यूआयडीचं एक वाचन आहे आणि ते तपासूनही पाहिलं गेलंय, तेही शेजारच्या हिंदीवर. 2018 मध्ये जैन आणि सहकाऱ्यांनी हिंदी ट्रीबँकमधली, म्हणजे रचनेच्या खुणा लावलेल्या वाक्यसंग्रहातली, खरी वाक्यं घेतली, त्याच वाक्यांतले शब्दसमूह पुढेमागे करून पर्यायी वाक्यं बनवली आणि खरं वाक्य ओळखायला वाक्यभर माहिती सपाट पसरलेली असण्याची अनेक मापं लावली. साधं शब्दांचं सरप्रायझल हिशोबात असताना त्या मापांनी काही भर घातली नाही.

पण मूळ दावा एवढा मोठा नव्हताच. रोजच्या बोलण्यात 'आहे', 'ला', 'च' यांना जवळजवळ शून्य बिट आणि एखाद्या नावाला बारा बिट, हे कोणीही टाळू शकत नाही. दावा असा आहे की व्याकरणाने जिथे दोन वाटा मोकळ्या ठेवल्यात, *त्या ठिकाणी* बोलणारा उंच शिखर टाळणारी वाट घेण्याकडे झुकतो. झुकतो, बांधलेला नाही.

आकड्यात बघा. हे आकडे निव्वळ हिशोब कळावा म्हणून घेतलेत. समजा क्रियापदानंतर उपवाक्य येण्याची शक्यता निम्मी, म्हणजे 1 बिट. उपवाक्य सुरू झाल्यावर पहिला शब्द 'उद्या' असण्याची शक्यता आठवा हिस्सा, म्हणजे 3 बिट. 'की' गाळला तर 'उद्या'वर दोन्ही भार पडतात, 4 बिट. दुसऱ्या क्रियापदानंतर उपवाक्याची शक्यता बत्तिसावा हिस्सा असेल तर त्याच 'उद्या'वर 5 आणि 3 मिळून 8. 'की' ठेवला तर पहिल्या वाक्यात 1 आणि 3, दुसऱ्यात 5 आणि 3 असे दोन घास होतात. 4 चा घास तसाही गिळता येतो, 8 चा अडकतो. म्हणून दुसऱ्या क्रियापदाशी 'की' जास्त दिसावा. एवढंच भाकीत.

(काटेकोर बोलायचं तर 'की' ठेवल्यावर 'उपवाक्य आलं' या माहितीबरोबर 'आणि ते की-वालं आलं' हेही थोडे बिट वाढतात. वर ते सोडून दिले आहेत.)

अनुवादाची_हमाली

माझा अनुभव सांगते. इंग्रजीतून भाषांतर करताना संपादक बाई माझे निम्मे 'की' खोडून 'असं' करतात. 'त्याने सांगितलं की दुकान बंद आहे' याचं 'दुकान बंद आहे असं त्याने सांगितलं'. म्हणजे चांगल्या मराठीत 'की' नकोच असतो का?

मात्रा_वेलांटी

ताई, तो शैलीचा प्रश्न, आणि तिथे निवड वेगळी आहे: उपवाक्य क्रियापदाच्या आधी ठेवायचं की नंतर. धाग्याचा प्रश्न उपवाक्य नंतर ठेवायचं ठरल्यावरचा आहे. पण नोंद उपयोगी आहे. कॉर्पसमध्ये संपादकाचा हात फिरलेला मजकूर असेल तर आपण बोलणाऱ्याची निवड मोजतो की संपादकाची, हे पाहावंच लागतं.

श्रावणघेवडा

धागाकर्त्याच्या दुसऱ्या तक्रारीवर अजून कोणी बोललं नाही. मोजणीचा निकाल उलटा का येतो? माझ्या मते इंग्रजीची मोजपट्टी मराठीला जशीच्या तशी लावली म्हणून.

इंग्रजीत क्रियापद आधी, कर्म नंतर. 'अनाउन्स्ड' ऐकल्यावर पुढे 'निकाल' येईल की उपवाक्य, हे ऐकणाऱ्याला माहीत नसतं. खरी अनिश्चितता तिथे आहे आणि क्रियापदाची मोजणी ती अनिश्चितता पकडते. मराठीत कर्म क्रियापदाच्या *आधी* येऊन गेलेलं असतं. 'मंत्र्यांनी निकाल जाहीर केला.' झालं वाक्य. आणि 'मंत्र्यांनी जाहीर केलं' एवढं कानावर आलं की कर्म तर येऊन गेलं नाही, क्रियापदही 'केला', 'केली' नव्हे तर नपुंसकलिंगी 'केलं' आलंय. ऐकणारा तिथेच ओळखतो की आता उपवाक्य येणार. 'जाहीर केलं'वर वाक्य संपवणारा माणूस विरळा.

म्हणजे क्रियापदाच्या सगळ्या नोंदींनी भागायचंच नाही. भागाकारात फक्त अशा नोंदी घ्यायच्या जिथे क्रियापदापर्यंत कर्म आलेलं नाही.

मग मराठीत उपवाक्याचा प्रतिस्पर्धी कोण? पूर्णविराम. आपण कर्म गाळून बोलतो ना: 'मला कळलं.' 'त्याने सांगितलं.' 'आठवलं!' हे सगळं पूर्ण वाक्य आहे. तेव्हा प्रश्न असा उरतो: इथवर आल्यावर वाक्य संपेल की उपवाक्य सुरू होईल?

कोरडी_विहीर

श्रावणघेवडा, हे डोक्यातच आलं नव्हतं. नीट समजलंय का पाहण्यासाठी कल्पित आकड्यांवर करून बघतो.

समजा 'कळणे'च्या 200 नोंदी आहेत. त्यातल्या 120 मध्ये काय कळलं ते आधीच आलंय ('बातमी कळली', 'हे कळलं', 'तो कुठे गेला ते कळलं'). उरल्या 80. त्यात 30 वेळा वाक्य तिथेच संपतं, 50 वेळा उपवाक्य येतं: 40 'की'सह, 10 'की'विना.

'जाहीर करणे'च्याही 200. 150 मध्ये कर्म आधी. उरलेल्या 50 पैकी 2 वेळा वाक्य संपतं, 48 वेळा उपवाक्य: 45 'की'सह, 3 'की'विना.

जुन्या पद्धतीने 'कळणे' 50 भागिले 200, म्हणजे 2 बिट. 'जाहीर करणे' 48 भागिले 200, म्हणजे 2.06 बिट. दोन्ही सारखीच!

नव्या पद्धतीने 'कळणे' 50 भागिले 80, म्हणजे 0.68 बिट. 'जाहीर करणे' 48 भागिले 50, म्हणजे 0.06 बिट. दहापटीहून जास्त फरक.

पण मग अडचण वाढलीच. यूआयडीप्रमाणे 'जाहीर केलं' नंतर 'की' कमी हवा, कारण उपवाक्य जवळजवळ ठरलेलं आहे. या आकड्यांत तर तिथे 94 टक्के आणि 'कळलं' नंतर 80. आकडे कल्पित असले तरी माझ्या खऱ्या डेटाचा कल असाच आहे.

श्रावणघेवडा

हिशोब बरोबर. उलट्या कलाचं पहिलं संशयित कारण म्हणजे मजकुराचा प्रकार. 'जाहीर करणे' जवळपास सगळं बातम्यांतलं, 'कळणे' गप्पांतलं. बातमीची भाषा 'की' ठेवते, मग तिथे माहितीची घनता काहीही असो. वर्तमानपत्र आणि चर्चा एका पोत्यात भरल्यामुळे तुम्ही दोन क्रियापदांची नव्हे, दोन शैलींची तुलना करताय. बातम्या वेगळ्या, गप्पा वेगळ्या करा आणि प्रत्येकात स्वतंत्र बघा. येगर यांचा सगळा डेटा एकाच प्रकारच्या संभाषणांचा होता, हा त्यांचा मोठा फायदा.

दुसरं, लिखित मजकुरात सूर नसतो. बोलताना 'त्याने सांगितलं' चा आवाज खाली उतरला की वाक्य संपलं, वर राहिला की पुढे काही आहे, हे ऐकणाऱ्याला क्रियापदावरच कळतं. कागदावर ती खूण गायब. त्यामुळे तुमचे 0.68 बिट बोलण्यात बहुधा त्याहून कमी असतील. रेकॉर्डिंग मिळवता आलं तर उत्तम.

वऱ्हाडी_ठसका

आमच्याकडे 'की' म्हणतच नाहीत, 'का' म्हणतात. 'तो म्हणे का मी येतो.' आमची वाक्यं शोधात सापडली नसतील तर आम्ही 'की' गाळला असं धरणार का तुम्ही?

मात्रा_वेलांटी

हाहा, अगदी रास्त. आणि गाळणीचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. 'की' शोधला तर हे सगळं जाळ्यात येतं: 'चहा की कॉफी', 'बसलो की झोप येते', 'येतो की!', 'इतका दमला की उठवेना'. यातला एकही आपला नाही. उलट जालावर निम्मे लोक ऱ्हस्व 'कि' लिहितात, तो आपला असून जाळ्याबाहेर राहतो. 'वाटतं, वाटते, वाटत' हे एकाच रूपाचे तीन अवतार. अनुस्वार विसरलेलं 'वाटत' तर 'वाटत नाही' मधल्या 'वाटत'शी मिसळतं.

'की'विना वाक्यं शोधणं त्याहून अवघड, कारण जे नाही ते शोधायचंय. क्रियापद शोधा आणि पुढचं डोळ्यांनी वाचा. सुरुवातीला 300 नोंदी हाताने लावल्याशिवाय यंत्राला हात लावू नका. हाताने लावताना या गोष्टी बाजूला काढा: 'तो येईल का माहीत नाही' सारखी प्रश्नार्थक, तिथे 'की'ची निवडच नाही. 'तो येईल, मला वाटतं' अशी मागून जोडलेली. आणि 'पाऊस येणार वाटतं' हे तर पूर्ण वेगळं प्रकरण, तिथे 'वाटतं' हे क्रियापदापेक्षा अव्ययासारखं वागतं.

'म्हणणे' मध्ये आणखी एक खोच. 'तो म्हणाला मी येतो' हे त्याच्या तोंडचे शब्द आहेत, की 'की' गाळलेलं उपवाक्य? 'मी' वरून ठरवू म्हणावं तर 'तो म्हणाला की मी येतो' मध्येही 'मी' म्हणजे तोच. सर्वनामाने निकाल लागत नाही. पहिल्या फेरीत 'म्हणणे' सरळ वगळा.

पाटी_पेन्सिल

मी प्रचरणाचा हट्ट सोडला. :) पण मग 'ला' का घेत नाही? 'मुलगा पाहिला' आणि 'मुलाला पाहिलं', हीसुद्धा ऐच्छिक खूण. जपानीत कर्माच्या 'ओ' प्रत्ययावर असं काम झालंय ना?

मात्रा_वेलांटी

झालंय, कुरुमादा आणि येगर, 2015. जपानी बोलण्यात कर्माचा 'ओ' गाळता येतो. प्रयोगात असं दिसलं की कर्म माणूस असेल, म्हणजे ते नाम कर्म असण्याची अपेक्षा कमी असेल, तर बोलणारे 'ओ' जास्त ठेवतात. कर्म वस्तू असेल तर जास्त गाळतात.

मराठी 'ला'ची अडचण अशी की तो अर्थही हलवतो. 'मुलगा पाहिला' हे लग्नासाठी, 'मुलाला पाहिलं' हे रस्त्यात. अर्थ बदलला की निवड ऐच्छिक राहिली नाही, तुलना गडगडली. शब्दांच्या बाबतीत याच कारणासाठी महोवाल्ड आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 'चिंप' आणि 'चिंपांझी', 'मॅथ' आणि 'मॅथेमॅटिक्स' अशा जोड्या घेतल्या. अर्थ एकच, लांबी वेगळी. संदर्भातून शब्द ओळखू येत असेल तिथे आखूड रूप जास्त आलं.

उंबरठा

उशिरा येतोय, पण तुम्ही सगळे ऐकणाऱ्याची सोय धरून चाललात. बोलणाऱ्याच्या अडचणीचं काय?

फरेरा आणि डेल यांनी 2000 मध्ये साधं स्पष्टीकरण दिलं होतं: पुढचा शब्द तोंडात तयार नसला की 'दॅट' येतो, तयार असला की गळतो. वेळ काढायला टाकलेला शब्द. ऐकणाऱ्याचा गोंधळ टाळण्यासाठी 'दॅट' घालतात याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. 'जे अनपेक्षित ते जुळवायलाही अवघड' हे धरलं तर तुमचे सगळे आकडे यूआयडीशिवायही जुळतात.

मात्रा_वेलांटी

हा खरा वाद आहे आणि तो मी मिटवू शकत नाही. येगर यांनी अडखळणं, उपवाक्याच्या कर्त्याची लांबी, आधीच्या वाक्यात 'दॅट' आला होता का, असं बरंच काही हिशोबात धरलं आणि तरीही उपवाक्याच्या अपेक्षेचा परिणाम उरला. पण 'की'सारख्या शब्दाच्या बाबतीत दोन्ही सिद्धांत एकाच दिशेला बोट दाखवतात, ही मूळ पंचाईत आहे. उलट दिशा दाखवणारं ठिकाण शोधावं लागतं.

झान आणि लेव्ही यांनी 2018 मध्ये ते चिनीत शोधलं. चिनीत आकड्यानंतर वर्गवाचक शब्द लागतो. पुस्तकाला खास 'बन', पण बहुतेक ठिकाणी सर्वसाधारण 'ग' बोलण्यात चालून जातो. 'बन' ऐकलं की पुढे पुस्तकासारखं काही येणार हे कळतं, 'ग' वरून फारसं कळत नाही. आता पुढचं नाम अनपेक्षित असेल तर? यूआयडी म्हणेल 'बन' वापरा, थोडी माहिती आधी देऊन ठेवा. उंबरठा यांचा पक्ष म्हणेल: नाम अजून सुचलंच नाही तर त्याचा खास वर्गवाचक कुठून सुचणार, 'ग'च येणार. डेटात अनपेक्षित नामापूर्वी 'ग' जास्त आला.

उंबरठा

म्हणजे मी जिंकलो. :)

श्रावणघेवडा

चिनी वर्गवाचकांपुरते. 'बन' निवडायला नाम आधी सुचलेलं असावं लागतं, 'की' ठेवायला पुढचं काहीच सुचलेलं नसलं तरी चालतं. 'की'च्या बाबतीत बोलणारा दोन्ही कारणांनी तेच करतो, त्यामुळे तिथला निकाल इथे आणता येत नाही.

मराठीत दोघांना वेगळं करायचं असेल तर माझी सूचना: क्रियापद आणि आधीचा संदर्भ तोच ठेवा, उपवाक्याचा पहिला शब्द बदला. 'मला कळलं (की) मी…' आणि 'मला कळलं (की) पाटबंधारे खात्याने…'. उपवाक्य येण्याची अपेक्षा दोन्हीकडे तीच, पण 'मी' जिभेवर तयार असतो. 'की'चा फरक दिसला तर निदान तेवढा फरक पहिल्या शब्दाच्या तयारीशी जोडलेला. मग उलट करा: पहिला शब्द तोच ठेवून क्रियापद बदला.

मात्रा_वेलांटी

सूचना चांगली, पण पहिला शब्द बदलला की त्याचे बिटही बदलतात, म्हणजे यूआयडी तिथेही आपला वाटा मागणार. दुसरी फेरी जास्त स्वच्छ आहे.

अनुवादाची_हमाली

मी मघाशी 'असं' म्हटलं होतं, त्यावरून एक. 'मला असं वाटतं की…' यात 'असं' ने आधीच सांगितलंय की पुढे काहीतरी येणार. मग तुमच्या सिद्धांताप्रमाणे तिथे 'की' गळायला हवा. मला तर उलट वाटतं, 'असं' आला की 'की' हटकून येतो.

मात्रा_वेलांटी

ताई, या धाग्यातला सर्वात अवघड प्रश्न तुम्ही विचारलात. 'असं' नंतर उपवाक्याची शक्यता जवळजवळ 1, म्हणजे बिट शून्याला टेकलेले. तरी 'की'. यूआयडीला हे जड जातं.

एक बचाव असा की 'असं' ठेवणं हीही ऐच्छिक निवड आहे. सावकाश, सगळं उलगडून बोलणारा माणूस 'असं'ही ठेवतो आणि 'की'ही. दोघांच्या मागे एकच कारण, एकाचा दुसऱ्यावर परिणाम नाही.

श्रावणघेवडा

मला हा बचाव लंगडा वाटतो. 'असं… की' ही आता जोडगोळी झाली आहे, 'जर… तर' सारखी. तिथे निवड उरलीच नाही असं मानून त्या नोंदी वेगळ्या काढाव्यात.

उंबरठा

'मला असं वाटतं आपण निघावं' हे मी रोज ऐकतो. निवड उरली नाही कशी?

श्रावणघेवडा

ऐकता, मान्य. तर मग एकाच माणसाच्या 'असं'वाल्या आणि 'असं'विना वाक्यांत तुलना करा. सावकाश बोलण्याची सवय हे कारण असेल तर माणूस तोच ठेवल्यावर फरक मावळायला हवा. उरला तर जोडगोळी.

कोरडी_विहीर

करून बघतो. तोवर शेवटचा प्रश्न: प्रतिमान कसं बसवू? माझ्याकडे पाच क्रियापदं आणि साधारण चार हजार नोंदी आहेत.

```r
glmer(ki ~ mahiti + karta_lambi + asa + adhi_ki + prakar +
        (1|lekhak) + (1|kriyapad), data = d, family = binomial)
```

मात्रा_वेलांटी

सूत्र ठीक, क्रियापदं कमी. `mahiti` क्रियापदागणिक एकच आकडा असेल तर चार हजार नोंदींचा काही उपयोग नाही, तुमच्याकडे खरे बिंदू पाचच आहेत. आणि 'म्हणणे' वगळलंत तर चार! प्रत्येक क्रियापदाचा स्वतःचा कल धरणारं `(1|kriyapad)` काढून टाकलं तर परिणाम झकास ठळक दिसेल, पण तो खोटा ठळकपणा. बहुतेक नोंदी 'वाटणे'च्या असतील, म्हणजे तुम्ही 'वाटणे विरुद्ध बाकी सगळे' एवढंच मोजणार.

दोन उपाय. क्रियापदं पंचवीस-तीसपर्यंत वाढवा: समजणे, आठवणे, ठरवणे, कबूल करणे, लक्षात येणे, दिसणे, ऐकणे, सुचवणे, बजावणे, खात्री असणे. आणि `mahiti` क्रियापदाऐवजी क्रियापद आणि रूप मिळून काढा. 'मला वाटतं', 'त्याला वाटलं', 'वाटायचं' यांच्यापुढे वाक्य संपण्याचं प्रमाण वेगवेगळं आहे. ज्या रूपाच्या नोंदी वीसपेक्षा कमी असतील ते सोडून द्या, तिथला आकडा हेलकावे खातो. एकाही वेळी उपवाक्य आलं नसेल तर लॉग अनंतात जातो, हे वेगळंच.

'मला वाटतं' वेगळं काढूनही एकदा चालवा. इंग्रजीत 'आय थिंक', 'आय गेस' यांचं जे झालंय तेच याचं झालंय, अर्धं क्रियापद, अर्धं 'बहुधा'. ते काढल्यावर परिणाम नाहीसा झाला तर तो माहितीच्या घनतेचा नव्हताच.

कोरडी_विहीर

'मला वाटतं' काढलं तर माझ्या निम्म्याहून अधिक नोंदी जातात. बरं. आधी 300 हाताने लावतो, गप्पांतल्याच. 'का'वाली वऱ्हाडी वाक्यं वेगळ्या रकान्यात.

वऱ्हाडी_ठसका

रकाना वेगळा दिला, आता विदर्भ पण वेगळा द्या. :)